‘बायोडाटा पाठवून ठेवा, कळवतो’

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिरलं की गेटागेटावर पाट्या दिसतात. ‘पाहिजेत : मोल्डर, फेटलिंग कामगार, सीएनसी ऑपरेटर, हेल्पर’. काही पाट्यांचा रंग उडालाय, एखादीवरचा फोन नंबर दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय. पाटी तिथं वर्षानुवर्षं टांगलेली असते. तरीही सकाळी आठला त्या गेटवर जाऊन उभा राहिलेला धडधाकट माणूस दुपारपर्यंत कामावर लागलेला असू शकतो. त्याच कारखान्याची दुसरी जाहिरात मोबाइलवर असते : ‘क्वालिटी इंजिनियर, एक जागा’. तीही सहा महिने उघडी, दर महिन्याला ताजी तारीख, अर्जदार शंभराच्या वर, आणि फोन कुणालाच आलेला नाही.

दोन्ही जाहिराती महिनोन्‌महिने उघड्याच आहेत, पण त्यातली एक जिवंत आहे आणि दुसरी पोकळ. भरतीचा इरादाच नसलेल्या अशा जाहिरातींना इंग्रजीत ‘घोस्ट जॉब’ म्हणतात. त्या ओळखण्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यातला पहिला सल्ला असतो : जाहिरात जुनी असेल तर संशय घ्या. कोल्हापुरात हा सल्ला अर्धाच लागू पडतो. फाउंड्रीतल्या फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगवरचा नको असलेला धातू घासून-तोडून काढायच्या कामाला, माणूस टिकत नाही. धूळ, आवाज, उष्णता, वर कंत्राटी पगार. दहा आले की महिन्याभरात सहा गेलेले असतात. तिथली जाहिरात कायम उघडी असते, कारण जागा कायम रिकामी होत असते. म्हणून माझं म्हणणं असं की जाहिरातीचं वय मोजत बसू नये, तिच्यात हालचाल आहे का ते बघावं. कुणाला बोलावलं का, कुणी रुजू झालं का, मजकूर कधी बदलला का, पलीकडच्या माणसाला त्या जागेबद्दल काही सांगता येतं का.

हालचाल कशी बघायची, त्याआधी असल्या जाहिराती का निघतात ते पाहू. दरवेळी लबाडीच असते असं नाही. बऱ्याचदा नुसता आळस असतो. जागा भरली किंवा मालकानं खर्च थांबवला, पण पोर्टलवरची जाहिरात काढायचं काम कुणाचंच नसतं. वर्षाचं पॅकेज घेतलेलं असतं, जाहिरात आपोआप ताजी होत राहते. दुसरा प्रकार साठ्याचा. आज गरज नाही, पण कुणी अचानक सोडून गेलं तर हाताशी पन्नास बायोडाटा असावेत. कन्सल्टन्सीवाले तर यावरच जगतात. त्यांच्याकडे कंपनीची मागणी यायच्या आधीच जाहिरात पडते, आणि ‘नामांकित कंपनीत’ या दोन शब्दांमागे अजून कुठलीच कंपनी नसते. पुण्याच्या आयटी कंपन्यांत याचाच मोठा अवतार दिसतो : काम मिळवण्यासाठी बोली लावताना ‘आमच्याकडे एवढी माणसं तयार आहेत’ हे दाखवायचं असतं, म्हणून काम मिळण्याआधी माणसं गोळा करायची. काम दुसऱ्याला गेलं की ती माणसं वाऱ्यावर.

तिसरा प्रकार दाखवण्याचा, आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. दोघांचं काम एकावर पडलेला माणूस कुरकुर करतो, तेव्हा साहेब त्याला जाहिरात दाखवतो : ‘बघ, माणूस शोधतोय.’ वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या कारखान्यात ग्राहकाचा ऑडिटर येतो. मनुष्यबळाच्या तक्त्यातली रिकामी चौकट त्याच्या नजरेला पडली, तर ‘भरती सुरू आहे’ हे दाखवायला जाहिरातीची एक प्रिंट पुरते. अशा जाहिरातीचा वाचक उमेदवार नसतोच. ती आतल्याच माणसांसाठी काढलेली असते, आणि अर्ज करणारा बिचारा तिच्यात चुकून शिरलेला असतो.

हे प्रमाण किती? भारतातला भरवशाचा आकडा माझ्या पाहण्यात नाही. भरतीचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ‘ग्रीनहाउस’ या अमेरिकी कंपनीनं आपल्याच पोर्टलवरच्या नोंदी तपासून साधारण पाचातली एक जाहिरात पोकळ धरली होती. तो आकडा तिथल्या कचेऱ्यांचा आहे. उद्यमनगरला तो जसाच्या तसा लावू नये.

आता एक जाहिरात घेऊन बघू. ती मी जुळवलेली आहे, पण तिच्यातली एकही गोष्ट नोकरी शोधणाऱ्याला नवी वाटणार नाही. ‘क्वालिटी इंजिनियर. डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल. अनुभव २ ते ५ वर्षे, फाउंड्री व मशिनिंग. ठिकाण गोकुळ शिरगाव. जागा १. पगार अनुभवानुसार.’ वरती लिहिलंय, तीन दिवसांपूर्वी टाकलेली.

त्या ‘तीन दिवसांपूर्वी’वर भरवसा ठेवू नये. पोर्टलवर जुनी जाहिरात ताजी करता येते, तसं केलं की ती यादीत वर येते. लिंक्डइनवर निदान `Reposted` असा शब्द दिसतो. पण जुनी बंद करून तोच मजकूर नव्यानं टाकला तर तोही दिसत नाही. त्या जाहिरातीला नवा क्रमांक मिळतो आणि अर्जदारांची मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणून पहिल्याच दिवशी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढावा आणि पत्त्यातला क्रमांक वहीत लिहून ठेवावा. महिन्यानं तीच जाहिरात नव्या क्रमांकानं दिसली, तर दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. आमच्या जाहिरातीत समजा ‘मशिनिंग’ऐवजी ‘मशिनींग’ झालंय, आणि पाच आठवड्यांनंतरच्या नव्या जाहिरातीतही ‘मशिनींग’च आहे. याचा अर्थ एवढाच की मधल्या काळात ती कुणी वाचलेली नाही. खरंच मुलाखती घेतलेला माणूस मजकुरात बदल करतो. पहिल्या खेपेला चुकीची मुलं आली, की तो पुढच्या जाहिरातीत ‘सीएमएमवर काम केलेलं हवं’ किंवा ‘रात्रपाळीची तयारी हवी’ असं वाढवतो. मजकुरात अशी भर पडत जाणं ही जिवंतपणाची मोठी खूण.

कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाहिरात असेल तर आणखी एक जागा बघता येते. गुगलच्या नोकरी-शोधात दिसण्यासाठी पानाच्या आत तारखा लिहाव्या लागतात. संगणकावर पान उघडून ‘व्ह्यू पेज सोर्स’ करावं आणि `datePosted` हा शब्द शोधावा. सापडतं ते असं :

```
"@type": "JobPosting",
"datePosted": "2025-03-04",
"validThrough": "2025-04-03"
```

वर ‘नुकतीच टाकलेली’ आणि आत मार्चची तारीख असेल, तर आतलं खरं धरावं. `validThrough` म्हणजे शेवटची मुदत. ती उलटून गेली तरी पान उघडं असेल, तर ते बहुधा विसरलेलं आहे. मात्र काही संकेतस्थळं ही तारीख रोज आपोआप बदलत राहतात. म्हणून आतली तारीख ताजी दिसली तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. ती जुनी निघाली तरच ती काहीतरी सांगते.

आता कारखान्याकडे वळू. इथं एक साधन आहे, ते मोफत आहे आणि फार थोडी मुलं वापरतात. भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे ईपीएफओच्या संकेतस्थळावर `Establishment Search` नावाची सोय आहे. आस्थापनेचं नाव टाकलं की तिची नोंद दिसते आणि तिथून दर महिन्याचा भरणा उघडता येतो : कुठल्या महिन्याच्या पगारापोटी किती रक्कम भरली आणि किती कर्मचाऱ्यांची भरली. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला पीएफ लागू होतो, त्यामुळे एमआयडीसीतले बरेचसे मध्यम कारखाने इथं सापडतात.

समजा आमच्या कारखान्याचा आकडा सहा महिन्यांत २१२, २१०, २०८, २०९, २०८, २०७ असा गेला. कारखाना वाढतोय असं काही दिसत नाही. जाहिरात ‘विस्तारासाठी २५ इंजिनियर’ अशी असती, तर हा आकडा तिला उघडी पाडायला पुरेसा होता. पण आपली जागा एकच आहे. दोघे गेले आणि एक आला, हे २०८ वरून ओळखता येत नाही. शिवाय फेटलिंगचे कंत्राटी कामगार बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या खात्यावर असतात, शिकाऊ उमेदवार पीएफमध्ये धरले जात नाहीत, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगारावर पहिल्यांदाच लागणाऱ्याला बाहेर ठेवता येतं, आणि कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्याला असेल तर सगळी माणसं तिथल्या खात्यावर दिसू शकतात. थोडक्यात, ‘पन्नास जागा’ म्हणणाऱ्या जाहिरातीला हे साधन चांगलं पकडतं, एका जागेच्या जाहिरातीला नाही.

एका जागेसाठी फोनच करावा लागतो. आणि फोनवर ‘व्हेकन्सी आहे का?’ असं कधी विचारू नये. त्याचं उत्तर ठरलेलं आहे : ‘बायोडाटा पाठवून ठेवा, कळवतो.’ हे उत्तर खऱ्या जागेलाही मिळतं आणि पोकळ जागेलाही, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. जागा खरी असल्याशिवाय ज्याचं उत्तर देता येणार नाही असं विचारावं. ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेलंय? रिपोर्टिंग कुणाला, प्लांट हेडना की क्वालिटी मॅनेजरना? पहिली पाळी की जनरल? कागलहून कंपनीची बस आहे का? खरी जागा असेल तर पलीकडचा माणूस न थांबता बोलतो, कारण त्या रिकाम्या खुर्चीचा त्रास त्याला रोज होत असतो. उलट तोच तुम्हाला विचारतो : नोटीस पिरियड किती, सध्या किती मिळतात, शनिवारी येऊ शकाल का? पोकळ जाहिरातीमागच्या माणसाला नोटीस पिरियडशी काही देणंघेणं नसतं. पलीकडून येणारा हा उलटा प्रश्न मला तरी सगळ्यात भरवशाची खूण वाटते.

आणि कोल्हापूर अजून एवढं मोठं झालेलं नाही की गेटासमोरच्या चहाच्या गाड्यावर कळणार नाही. पाळी सुटायच्या वेळेला तिथं उभं राहावं. ‘क्वालिटीत माणूस घेताहेत का रे?’ असं विचारलं की उत्तर बहुधा असं येतं : ‘आधीचा गेला दिवाळीत. आता मशिन शॉपचे साहेबच दोन्हीकडं बघत्यात. घेणार घेणार म्हणत्यात नुसतं.’ एवढ्यात सगळं आलं. जागा कागदावर आहे, तिचं काम दुसऱ्याच्या पाठीवर टाकलेलं आहे आणि त्या पगाराची बचत होतेय. मालकाला कुणी स्वस्तातला मिळाला तर तो घेईलही. अशी जाहिरात पूर्ण खोटी नसते, पण तिच्यासाठी दिवसभर बसून बायोडाटा नव्यानं लिहू नये. पंधरा मिनिटांत अर्ज टाकावा आणि विसरावं. ओळखीची पोरं जिथं चुकतात ते इथंच : अशा एका जागेच्या आशेवर हातातली दुसरी मुलाखत पुढं ढकलतात.

कॉलेजांमधली गोष्ट वेगळ्या चालीची आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात दर जून-जुलैत तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जाहिराती येतात. पदवी, नेट-सेट, मूळ कागदपत्रं, सकाळी अकरा वाजता. सांगली-साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडून उमेदवार येतात, आणि व्हरांड्यात कळतं की गेली तीन वर्षं शिकवणारे सर आतच बसलेत. इथं जागा खरी असते, माणूसही घेतला जातो, फक्त तो ठरलेला असतो. जाहिरात नियमासाठी असते. ओळखायची कशी? पात्रतेच्या ओळीत एखादी अट विचित्र नेमकी असते, किंवा जाहिरात कमी खपाच्या पेपरात येते आणि मुलाखत चौथ्या दिवशी असते. सगळ्यात सोपं म्हणजे विभागात फोन करून ‘गेल्या वर्षी हा विषय कोण शिकवत होतं आणि ते यंदा आहेत का?’ एवढं विचारावं.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नये. अमेरिकेत परदेशी कर्मचाऱ्याला ग्रीन कार्ड मिळवून देण्याआधी कंपनीला ती जागा स्थानिकांसाठी जाहीर करावी लागते. माणूस अर्थातच आधीच खुर्चीत बसलेला असतो, बऱ्याचदा आपल्याकडचाच. फेसबुकनं असल्या जागा आपल्या नेहमीच्या करिअरच्या पानावर टाकल्याच नाहीत आणि अर्ज टपालानं मागवले, असा आरोप तिथल्या न्याय खात्यानं केला. २०२१ मध्ये कंपनीनं १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची रक्कम देऊन तडजोड केली. २०२३ मध्ये तशाच प्रकरणात ॲपलनं अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की तिथं पुरावा ठरली ती अर्जाची वाट. नेहमीच्या जागेला एक वाट आणि या जागेला मुद्दाम अवघड केलेली दुसरी. कोल्हापुरातही ‘अर्ज समक्ष आणून द्यावा, ईमेलने स्वीकारला जाणार नाही’ हे वाक्य वाचताना ती संस्था इतर वेळी अर्ज कसे घेते ते आठवून बघावं.

सरकारी भरतीला मी पोकळ म्हणणार नाही. तिथं जागा मंजूर असतात, पण वेळेचा पत्ता नसतो. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या तेरा हजारांहून जास्त जागांची जाहिरात निघाली, पोरांनी शुल्क भरलं. ज्या महापरीक्षा पोर्टलमार्फत हे व्हायचं होतं तेच पुढच्या वर्षी गुंडाळलं गेलं, परीक्षा झाल्या नाहीत, २०२२ मध्ये भरती रद्द झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० जागांची नवी जाहिरात आली. चार वर्षं गेली. दरम्यान काहींचं वय निघून गेलं. अशा भरतीत जागांच्या आकड्यापेक्षा परीक्षा कोण घेणार हे ठरलंय का, ते आधी बघावं.

रोजगार मेळाव्यांचे आकडेही तसेच हाताळावेत. मेळाव्यात ‘१२०० रिक्त पदे’ म्हणतात, तेव्हा तो आकडा कंपन्यांनी तोंडी किंवा पोर्टलवर सांगितलेला असतो. शेवटी बातमीत ‘प्राथमिक निवड’ येते, रुजू किती झाले ते नाही. त्यात शिकाऊ उमेदवारी आणि सरकारी मानधनावरचं प्रशिक्षण मिसळलेलं असलं, तर नोकऱ्या त्यातल्या किती हे ज्याचं त्यानं विचारून घ्यावं. आणि जिथं नोंदणी फी, ट्रेनिंग फी किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागतात, ती पोकळ जाहिरात नव्हे, ती सरळ फसवणूक आहे. तिथं पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

कायदा काय म्हणतो? १९५९ च्या कायद्यानं पंचवीस किंवा जास्त माणसांच्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. पण कळवलेल्या जागेवर त्या कार्यालयामार्फतच माणूस घ्यायचं बंधन त्यात नव्हतं, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड होता जास्तीत जास्त पाचशे रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं त्याची जागा घेतली, सेवायोजन कार्यालयाचं नाव ‘करिअर सेंटर’ झालं आणि मर्यादा वीसवर आली. दोन्हीकडं धाक आहे तो असलेली जागा लपवू नये याचा. नसलेली जागा दाखवू नये असं कुठंच म्हटलेलं नाही.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानं निदान त्या दिशेनं पाऊल टाकलंय. १ जानेवारी २०२६ पासून तिथं पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला जाहिरातीतच लिहावं लागतं की ही जागा आज रिकामी आहे की नाही. मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला निर्णय झाला की नाही ते पंचेचाळीस दिवसांत कळवावं लागतं.

इथं तसा कायदा कधी येईल माहीत नाही, पण कायद्याची वाट बघायची गरजही नाही. शिरोलीत ‘स्मॅक’ आहे, गोकुळ शिरगावात ‘गोशिमा’ आहे, उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनियरिंग असोसिएशन आहे. या तीन संघटनांनी आपल्या सभासदांना एवढंच सांगावं की जाहिरातीखाली दोन ओळी छापा : जागा आज रिकामी आहे, की पुढं लागणार म्हणून अर्ज घेऊन ठेवतोय? आणि जाहिरात पहिल्यांदा कधी काढली?